तीन वेळा उलटवून अ‍ॅरे जागच्या जागी फिरवणे: ६०० नोंदी, २ केबी मेमरी

जमिनीतला ओलावा मोजणारं एक छोटं यंत्र डोळ्यासमोर आणा. आत अर्डुइनो उनो आहे, म्हणजे ATmega328P ही चिप. तिच्याकडे रॅम आहे २०४८ बाइट, तेवढीच. दर १० मिनिटांनी एक नोंद होते. प्रत्येक नोंद २ बाइटची आणि शेवटच्या ६०० नोंदी जपून ठेवायच्या आहेत. ६०० नोंदी म्हणजे १०० तासांचा इतिहास आणि १२०० बाइट.

अशा नोंदी साधारणपणे वर्तुळाकार बफरमध्ये ठेवतात. अ‍ॅरे भरला की पुढची नोंद पुन्हा शून्याव्या जागेवर, सगळ्यात जुन्या नोंदीच्या डोक्यावर लिहायची. पुढची नोंद कुठे लिहायची ते `head` हा इंडेक्स सांगतो. अ‍ॅरे एकदा पूर्ण भरला की सगळ्यात जुनी नोंदही `head` वरच बसलेली असते.

अडचण येते त्या नोंदी बाहेर काढताना. समजा `head` आत्ता २१७ वर आहे. २१७ ते ५९९ या जुन्या नोंदी आणि ० ते २१६ या नव्या. काळाच्या क्रमाने त्या सलग हव्या असतील तर मागचा तुकडा पुढे आणि पुढचा मागे न्यावा लागेल. यालाच अ‍ॅरे डावीकडे २१७ घरं फिरवणं म्हणतात.

पण काहीही फिरवण्याआधी एक प्रश्न विचारा: फिरवायची खरंच गरज आहे का? नोंदी सिरियल पोर्टवरून फक्त पाठवायच्या असतील तर आधी २१७ ते ५९९ पाठवा, मग ० ते २१६. अ‍ॅरेला हात लावायचं कारण नाही. मी तरी आधी हाच मार्ग बघतो, कारण जे काम केलंच नाही त्यात चूक होत नाही. गरज पडते ती पुढचं फंक्शन एक पॉइंटर आणि एक लांबी एवढंच घेत असेल तेव्हा. शेजारशेजारच्या नोंदींतले फरक काढून डेटा आवळणारं तयार फंक्शन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. त्याला सगळा डेटा एका सलग पट्ट्यात आणि योग्य क्रमानेच लागतो. हा लेख त्या प्रसंगासाठी आहे.

सुचायला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुसरा अ‍ॅरे घेऊन त्यात योग्य क्रमाने नकल करणं. इथे तो बसत नाही. १२०० अधिक १२०० म्हणजे २४०० बाइट, आणि चिपकडे आहेत २०४८. म्हणून जागच्या जागी फिरवणं आलं.

दहा नोंदींवर करून पाहू

६०० आकडे कागदावर मांडता येणार नाहीत, दहा घेऊ. नोंदींना त्यांचा अनुक्रमांकच किंमत म्हणून देतो, म्हणजे क्रम बरोबर आहे की नाही ते नजरेला लगेच कळेल. बफर असा आहे, `head` ३ वर:

```
18 19 20 | 11 12 13 14 15 16 17
```

उभ्या रेषेच्या डावीकडे ३ घरं, उजवीकडे ७. हवं आहे ११ पासून २० पर्यंत सरळ. पहिली पायरी, डावा तुकडा त्याच्याच जागेत उलटवा:

```
20 19 18 | 11 12 13 14 15 16 17
```

दुसरी पायरी, उजवा तुकडा उलटवा:

```
20 19 18 | 17 16 15 14 13 12 11
```

इथे क्षणभर थांबा आणि ही ओळ सलग वाचा. २० पासून ११ पर्यंत पूर्ण उतरता क्रम झाला आहे. म्हणजे आपल्याला हवं असलेलंच उत्तर, फक्त उलट्या दिशेने. तिसरी पायरी मग आपोआप सुचते, सगळा अ‍ॅरे उलटवा:

```
11 12 13 14 15 16 17 18 19 20
```

काम झालं. जास्तीची मेमरी लागली ती एका अदलाबदलीपुरती, एका नोंदीची.

हे कुठल्याही आकड्यांवर का चालतं? सगळा अ‍ॅरे उलटवला की दोन गोष्टी एकदम होतात. तुकड्यांच्या जागा बदलतात, ते आपल्याला हवंच आहे. पण प्रत्येक तुकडा आतूनही उलटा होतो, ते नको आहे. म्हणून प्रत्येक तुकडा आधीच एकदा उलटवून ठेवायचा. दोनदा उलटलेला तुकडा आतून पुन्हा सरळ होतो आणि जागांची अदलाबदल तेवढी उरते.

इंडेक्सच्या हिशोबानेही ताडून पाहता येतं. डाव्या तुकड्यातली `i` व्या घरातली नोंद आधी `k-1-i` वर जाते. मग सगळा अ‍ॅरे उलटला की ती `n-1-(k-1-i)` वर, म्हणजे `n-k+i` वर पोचते. उजव्या तुकड्यातली `i` वरची नोंद आधी `n-1-(i-k)` वर आणि शेवटी `i-k` वर. दोन्ही उत्तरं हवी तीच आहेत. `k` कितीही असो, `n` ला त्याने भाग जावो न जावो, हिशोब बदलत नाही.

ही युक्ती जुनी आहे. टेक्स्ट एडिटरमध्ये ओळींचा गठ्ठा उचलून दुसरीकडे ठेवणं म्हणजे मधल्या भागाचं असंच फिरवणं असतं. केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये एडिटरसाठी हाच कोड लिहिला होता, आणि तेव्हाही ही पद्धत प्रोग्रामरांमध्ये तोंडोतोंडी चालत आलेलीच होती असं ते सांगतात.

कोड

```c
static void reverse_range(uint16_t *a, uint16_t lo, uint16_t hi)
{
    while (hi - lo > 1) {
        hi--;
        uint16_t t = a[lo];
        a[lo] = a[hi];
        a[hi] = t;
        lo++;
    }
}

void rotate_left(uint16_t *a, uint16_t n, uint16_t k)
{
    if (n < 2) return;
    k %= n;
    if (k == 0) return;
    reverse_range(a, 0, k);
    reverse_range(a, k, n);
    reverse_range(a, 0, n);
}
```

`hi` हे घर तुकड्यात धरलेलं नाही, तुकडा त्याच्या आधीच्या घरापाशी संपतो. हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. अनेक जण `reverse(a, 0, k-1)` असं लिहितात, म्हणजे शेवटचं घर धरून. `k` शून्य असताना `k-1` किती होतं? बिनचिन्ही १६ बिटांच्या पूर्णांकात ते उणे एक होत नाही, ६५५३५ होतं. मग अदलाबदल अ‍ॅरेच्या बाहेर कुठल्या कुठे जाते आणि दुसऱ्याच व्हेरिएबलांचा चुराडा करते. लॅपटॉपवर `int` वापरून तपासलेला कोड चिपवर आणून `uint16_t` केला की ही चूक हटकून डोकं वर काढते. शेवट न धरण्याची पद्धत ठेवली तर `k-1` ही वजाबाकीच राहत नाही. शिवाय पहिल्या तुकड्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात हा एकच आकडा, `k`, दोन्ही ठिकाणी दिसतो.

`k %= n` ही ओळ `k` अ‍ॅरेच्या लांबीपेक्षा मोठा आला तर त्यासाठी. तिच्या आधी `n` शून्य नाही हे तपासायलाच हवं, नाहीतर शून्याने भागाकार होईल.

उजवीकडे `r` घरं फिरवायचं असेल तर वेगळं फंक्शन लागत नाही, आधी `r %= n` करून `rotate_left(a, n, n - r)` पुरतं. पण दिशेचा घोळ हीच या विषयातली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. कुणी आधी सगळा अ‍ॅरे उलटवतो आणि मग ० ते `k` आणि `k` ते `n` हे तुकडे. कागदावर सारखंच वाटतं, पण सगळा अ‍ॅरे उलटल्यावर तुकड्यांची सीमा `k` वर राहत नाही, ती `n-k` वर सरकते. सीमा न बदलता उलटवलं तर उजवीकडे `k` घरं फिरतं. आपल्या दहा नोंदींवर हे केलं तर उत्तर येतं:

```
15 16 17 18 19 20 11 12 13 14
```

मधे २० नंतर ११ आला की समजायचं दिशा चुकली. हे पकडायला चाचणीचे आकडे नीट निवडावे लागतात. दहा घरांचा अ‍ॅरे पाचने फिरवून पाहिला तर डावीकडे काय आणि उजवीकडे काय, उत्तर एकच येतं आणि चूक लपून राहते. म्हणून दहा आणि तीन. सगळ्या किंमती वेगवेगळ्या असायला हव्यात हेही त्याच कारणाने.

चाचणी चिपवर नको, लॅपटॉपवर करा. `n` १ पासून २० पर्यंत आणि प्रत्येक `n` साठी `k` शून्यापासून `2*n` पर्यंत घ्या. दर वेळी अ‍ॅरेची एक नकल ठेवा आणि फिरवलेल्या अ‍ॅरेचं `i` वं घर नकलेच्या `(i+k) % n` व्या घराशी जुळतं का ते बघा. एकूण साडेचारशेच्या आसपास तपासण्या होतात आणि क्षणात संपतात. जी नकल चिपवर परवडत नाही तीच इथे बरोबर उत्तराचा साक्षीदार होते.

यंत्रात बसवताना

फंक्शन बरोबर असूनही निकाल चुकण्याच्या तीन जागा आहेत, आणि तिन्ही फंक्शनच्या बाहेर आहेत.

पहिली, बफर अजून भरलेलाच नसणं. यंत्र चालू होऊन २०० नोंदी झाल्या असतील तर `head` २०० वर असतो, पण सगळ्यात जुनी नोंद शून्यावर असते. तेव्हा फिरवलं तर न वापरलेली ४०० घरं पुढे येतात. सुरुवातीला शेकड्याने शून्य दिसले तर कारण हेच. किती नोंदी झाल्या त्याचा `count` वेगळा ठेवा आणि तो ६०० झाल्यावरच फिरवा.

दुसरी, फिरवल्यावर `head = 0` करायला विसरणं. ही चूक पहिल्या वेळी दिसतच नाही. पहिला गठ्ठा अगदी बरोबर जातो, दुसऱ्यापासून क्रम बिघडतो, कारण सरळ झालेला अ‍ॅरे जुन्या `head` ने पुन्हा फिरवला जातो. मी स्वतः यात एक संध्याकाळ घालवली आहे. उलटवण्याचा कोड ओळ न ओळ तपासत होतो आणि दोष एका न लिहिलेल्या ओळीत होता. पहिला गठ्ठा बरोबर आणि दुसरा चूक असं दिसलं तर थेट `head` कडे जा.

तिसरी, फिरवणं चालू असताना नवी नोंद येणं. नोंद टायमरच्या इंटरप्टमधून लिहिली जात असेल तर ती पहिल्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधेच अ‍ॅरेत घुसू शकते, आणि तेव्हा कुठलंच घर आपल्या जागी नसतं. फिरवण्याआधी `noInterrupts()`, नंतर `head = 0`, मग `interrupts()`, हा क्रम ठेवा. इंटरप्ट किती वेळ बंद राहतील? २१७ घरांच्या तुकड्यात १०८ अदलाबदली, ३८३ च्या तुकड्यात १९१, पूर्ण अ‍ॅरेत ३००, एकूण ५९९. एका अदलाबदलीला ढोबळमानाने ३० चक्रं धरली तर साधारण १८ हजार चक्रं, १६ मेगाहर्ट्झवर १ मिलिसेकंदाहून किंचित जास्त. दर १० मिनिटांनी येणाऱ्या नोंदीला याने काही फरक पडत नाही. पण सिरियल पोर्टवर १,१५,२०० च्या वेगाने काही येत असेल तर तेवढ्या वेळात दहा-बारा बाइट येऊन जातात आणि त्यातले बरेचसे हरवतात. तसं असेल तर इंटरप्ट चालू ठेवा आणि फक्त नोंद लिहिणाऱ्या भागाला एका खुणेने थोपवा.

जास्तीची जागा घेतली तर काय मिळतं

आता दुसरी बाजू. तीन वेळा उलटवण्याची किंमत लिहिण्यात मोजावी लागते. प्रत्येक नोंद दोनदा हलते, एकदा आपल्या तुकड्यात आणि एकदा पूर्ण अ‍ॅरेत. ५९९ अदलाबदली म्हणजे अ‍ॅरेत ११९८ वेळा लिहिणं. नव्या अ‍ॅरेत नकल केली तर प्रत्येक नोंद एकदाच लिहिली जाते, ६०० वेळा. नवा अ‍ॅरेच पुढे वापरायचा असेल तर काम निम्म्यावर येतं. पण उत्तर जुन्याच अ‍ॅरेत हवं असेल तर परत नकल करावी लागते, तेव्हा १२०० होतात आणि लिहिण्यातला फायदा उरत नाही. हे पुष्कळदा हिशोबात धरलंच जात नाही.

दोन्हींच्या मधला मार्गही आहे, आणि तो मला फार आवडतो. दोन तुकड्यांपैकी लहान तुकडा तेवढा बाजूला काढा, मोठा `memmove` ने सरकवा, लहान परत आणून ठेवा. आपल्या बाबतीत २१७ नोंदी बाजूला, म्हणजे ४३४ बाइट, आणि एकूण लिहिणं २१७ अधिक ६००, म्हणजे ८१७. एक घर फिरवायचं असेल तर हाच मार्ग घ्यावा: एक नोंद हातात धरा, बाकीच्या सरकवा, हातातली ठेवून द्या. त्यासाठी अ‍ॅरे तीनदा उलटवणं हा अपव्यय आहे.

मग चिपवर हाच का नको? कारण `head` दर वेळी वेगळा असतो. बफर वजा जाता २०४८ पैकी ८४८ बाइट उरतात. त्यातच स्टॅक, त्यातच सिरियलचे बफर, त्यातच बाकीची व्हेरिएबलं. ४३४ बाइट त्यात बसतीलही. पण `head` ३०० वर आला की ६०० बाइट लागतील आणि उरतील २४८. स्टॅक खाली येऊन व्हेरिएबलांवर चढतो. ही चिप त्याबद्दल काही सांगत नाही, नोंदी बिघडतात किंवा यंत्र मधेच नव्याने सुरू होतं. टेबलावर `head` ५० असताना व्यवस्थित चाललेलं यंत्र दोन दिवसांनी शेतात असं वागतं. जागेचा हिशोब नेहमी सगळ्यात वाईट `head` धरून करा. तसा केला की इथे तीन वेळा उलटवणंच उरतं, कारण त्याला लागणारी जागा `head` वर अवलंबून नाही.

लॅपटॉपवर मात्र माझं मत उलट आहे. १ कोटी चार-बाइटी आकडे म्हणजे ४० एमबी, आणि एवढी जागा आज सहज मिळते. तिथे नकल करा. कोड वाचायला सोपा, सलग वाचणं आणि सलग लिहिणं प्रोसेसरला मानवतं, आणि काम पुरं होईपर्यंत जुना अ‍ॅरे शाबूत राहतो. हा शेवटचा मुद्दा वेगापेक्षा महत्त्वाचा ठरू शकतो. उलटवताना मधेच दुसऱ्या थ्रेडने अ‍ॅरे वाचला तर त्याला अर्धवट उलटा डेटा मिळतो. नकलेत तसं होत नाही, नवा अ‍ॅरे तयार झाला की पॉइंटर बदलायचा.

पायथनमध्ये `a[:] = a[k:] + a[:k]` लिहिलं तर यादी तीच राहते, पण उजवी बाजू आधी नवीन यादी बनवते. म्हणजे ती नकलच आहे, जागच्या जागी फिरवणं नाही. जावाचं `Collections.rotate` मात्र जागच्या जागी फिरवतं, आणि त्याची निवड शिकण्यासारखी आहे. अ‍ॅरेसारखी यादी असेल, किंवा यादी १०० पेक्षा लहान असेल, तर ते प्रत्येक घटक उचलून थेट त्याच्या अंतिम जागी ठेवत साखळीने पुढे जातं, त्यामुळे लिहिणं एकदाच होतं. मोठी लिंक्ड लिस्ट असेल तर तिथे एका घरावरून लांबच्या घरावर उडी मारणं महाग असतं. मग ते तीन वेळा उलटवण्याकडे वळतं, कारण उलटवताना दोन्ही टोकांकडून शेजाऱ्या-शेजाऱ्यानेच सरकायचं असतं.

मराठी मजकूर फिरवायचा असेल तर

हीच पद्धत बाइटच्या पट्ट्यावरही चालते, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत इथे एक भीती असते ती दूर करतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. बाइट उलटवले तर मजकुराचा नाश होईल असं वाटतं. मधल्या पायरीवर तो खरोखरच वाचण्यापलीकडे जातो. पण शेवटी प्रत्येक तुकडा आतून दोनदा उलटलेला असतो, म्हणून बाइटचा मूळ क्रम परत येतो. `पुणेसातारा` हा पट्टा १२ बाइटने डावीकडे फिरवला तर `सातारापुणे` मिळतं, एक बाइटही न बिघडता.

अट एवढीच की काप योग्य जागी पडला पाहिजे. `पुणे` डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. साठवताना ती चार चिन्हं आहेत, प, उकार, ण आणि मात्रा, म्हणजे १२ बाइट. `k` चुकून ४ दिला तर काप उकाराच्या तीन बाइटांच्या मधे पडतो आणि स्क्रीनवर प्रश्नचिन्हांचे चौकोन येतात. `k` ९ दिला तर बाइट सगळे वैध राहतात, पण ण आणि त्याची मात्रा यांची ताटातूट होते आणि पट्टा सुट्या मात्रेने सुरू होतो. दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण यूटीएफ-८ ची वैधता तपासणारा कोड ती पकडत नाही. पट्ट्याच्या सुरुवातीला ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली मात्रा दिसली तर उलटवण्याचा कोड तपासत बसू नका, `k` कुठून आला ते शोधा.